काम अडलंय की अडखळतंय? अहवालात ‘समस्या’ लिहिण्याआधी



दर तीन महिन्यांनी आमच्यासारखे क्षेत्रावर काम करणारे लोक कार्यकारी समितीला प्रकल्पाचा अहवाल पाठवतात. त्यातलाच काही भाग निवडून या त्रैमासिकात आपल्यापर्यंत येतो. त्या अहवालात एक रकाना ठरलेला असतो : ‘समस्या’. इंग्रजी नमुना असेल तर ‘प्रॉब्लेम्स’. मी गेली बरीच वर्षे हा रकाना भरत आले आहे. तो चुकीच्या पद्धतीने भरल्यामुळे एका पाड्याला पिण्याच्या पाण्यासाठी आणखी एक उन्हाळा कसा थांबावे लागले, आणि त्यानंतर आम्ही त्या एका शब्दाऐवजी कोणते चार शब्द वापरायला लागलो, ते या लेखात सांगते.

चार ओळी, चारही ‘समस्या’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जव्हार भागातल्या एका पाड्यावर ४२ घरे, माणसे सुमारे २३०. पाड्याच्या वर डोंगरात एक झरा आहे. तिथून उताराने पाइप आणून पाड्याजवळ १२ हजार लिटरची सिमेंटची टाकी बांधायची, असे काम होते. योजना ग्रामपंचायतीची, पैशाची मदत आमची. पाइपची लांबी १,८०० मीटर. त्यातले ६०० मीटर वनजमिनीतून जाणार होते. पाऊस सुरू होण्याआधी, ३१ मेपर्यंत, पाणी पोहोचवायचे असे ठरले होते.

ऑक्टोबर ते डिसेंबरचा अहवाल मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लिहिला. समस्यांच्या रकान्यात या चार ओळी होत्या :

१. उन्हाळ्यात झऱ्याचे पाणी कमी होण्याची समस्या.
२. स्थलांतरामुळे मजुरांची समस्या.
३. टाकीच्या तळाला तडे गेल्याची समस्या.
४. वनजमिनीच्या परवानगीची समस्या.

यातली एकही ओळ खोटी नव्हती. समितीची बैठक जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. इतिवृत्तात नोंद अशी : ‘समस्यांची नोंद घेतली. कार्यकर्त्यांनी पाठपुरावा करावा.’ सभासदांनी प्रार्थना केली, दोघांनी मला फोन करून धीर दिला. एप्रिलच्या अहवालात मी चौथ्या ओळीत फक्त ‘कायम’ हा शब्द जोडला.

एप्रिलच्या शेवटी समितीतले एक ज्येष्ठ सभासद दुसऱ्या कामासाठी तालुक्याला आले होते. सरपंचांना सोबत घेऊन ते सहज वन कार्यालयात गेले. तिथे कळले की आमच्या प्रस्तावाला जोडलेल्या नकाशावर पाइपची वाटच दाखवलेली नव्हती, म्हणून कागद नोव्हेंबरपासून तसाच पडून होता. नकाशा दोन दिवसांत तयार करून दिला. जागेची पाहणी झाली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर पाऊस लागला होता. पावसात डोंगरउतारावर चर खणता येत नाही, माती घसरून चर भरतो. शिवाय घरोघरची माणसे भाताच्या लावणीला लागलेली असतात. पाणी पाड्यावर आले ते पुढच्या फेब्रुवारीत.

दोन दिवसांचे काम पाच महिने पडून राहिले. नकाशा अपुरा दिला ही चूक आमची. पण ती चूक लवकर न सापडण्याचे कारण माझा अहवाल होता. चार वेगवेगळ्या गोष्टींना मी एकच नाव दिले होते, आणि कोणत्या ओळीसाठी समितीने खुर्चीतून उठायला हवे, हे त्या नावावरून कोणालाच कळत नव्हते.

आपल्या बोलण्यात हा फरक आधीच आहे

पाड्यावरचा आमचा कार्यकर्ता मला फोन करतो तेव्हा तो कधीही ‘समस्या’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ताई, काम अडखळतंय.’ कधी म्हणतो, ‘काम मागे गेलं.’ कधी म्हणतो, ‘अडलंय.’ आणि कधी, ‘पुढे अडेल असं वाटतंय.’ ही चार वाक्ये ऐकून मला चार वेगवेगळ्या गोष्टी कराव्या लागतात, हे मला न सांगताही कळते. मग मीच अहवाल लिहायला बसते आणि चारही वाक्यांना ‘समस्या’ नावाच्या एकाच पिशवीत कोंबते.

प्रकल्पांच्या व्यवस्थापनात हेच चार प्रकार रिस्क, इश्यू, सेटबॅक आणि ब्लॉकर या नावांनी ओळखले जातात. पहिल्या दोघांतला फरक तिथे फार काटेकोर पाळतात : अजून घडलेले नाही पण घडू शकते ते रिस्क, घडून गेले आहे आणि आता निस्तरायचे आहे ते इश्यू. ब्लॉकर हा शब्द सॉफ्टवेअरच्या कामातून सगळीकडे पसरला. तिथे गट रोज काही मिनिटांची बैठक घेतो आणि कोणाचे काम कशामुळे अडले आहे का, हे त्यात समोर येते. आम्ही मराठी अहवालात या चारांना धोका, अडचण, पीछेहाट आणि खोळंबा असे म्हणतो. ‘समस्या’ला नरम पर्याय म्हणून हे शब्द वापरले तर काहीच साधणार नाही. प्रत्येक शब्द वाचणाऱ्याकडे वेगळी गोष्ट मागतो, म्हणून ते वेगळे ठेवायचे. वरच्याच चार ओळी पुन्हा लिहून दाखवते.

धोका : अजून घडलेले नाही

झऱ्याचे पाणी जानेवारीत भरपूर होते. आम्ही १५ लिटरची बादली धारेखाली धरून घड्याळ लावले, तर ती ५० सेकंदांत भरली. म्हणजे दिवसाला जवळपास २६ हजार लिटर. माणशी ५५ लिटर धरले तर २३० माणसांना दिवसाला साडेबारा हजार लिटरच्या थोडे वर पाणी लागते. म्हणजे जानेवारीत गरजेच्या दुप्पट पाणी होते. पण होळीनंतर धार बारीक होते, असे पाड्यावरच्या बायका सांगत होत्या.

‘पाणी कमी होण्याची समस्या’ असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते पाणी आजच कमी आहे. खरी ओळ अशी हवी होती :

‘धोका : एप्रिल-मेमध्ये झऱ्याची धार अपुरी पडू शकते. आज बादली ५० सेकंदांत भरते. १०० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू लागला तर पाणी गरजेपेक्षा कमी पडेल. दर सोमवारी मोजणी, जबाबदारी पाड्यावरच्या कार्यकर्त्याची. तशी वेळ आली तर पाणी सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळीच सोडायचे, आणि शेजारच्या ओहळातले दुसरे तोंड जोडता येईल का ते पाहायचे.’

धोक्याच्या ओळीत ती खूण सर्वात महत्त्वाची. धोका खरा ठरू लागल्याचे कोणत्या गोष्टीवरून ओळखायचे? इथे ती खूण १०० सेकंदांची बादली आहे. खूण नसलेला धोका ही नुसती काळजी असते, आणि काळजी दर तिमाहीत एकाच वाक्यात लिहिता येते. धोक्यावर समितीने आज काही करायचे नसते. तयारी पुरेशी आहे की नाही, एवढेच सांगायचे असते.

अडचण : घडले आहे, पण काम चालू आहे

दिवाळीनंतर ४२ पैकी १९ कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेली होती. वनजमिनीबाहेरच्या १,२०० मीटरचा चर दिवसाला ४० मीटर या वेगाने ३० दिवसांत खणून होईल, असे आम्ही धरले होते. प्रत्यक्षात दिवसाला २० मीटरच होत होते. म्हणजे ६० दिवस. काम थांबले नव्हते, अडखळत होते.

‘अडचण : माणसे कमी असल्याने चर निम्म्या वेगाने होत आहे. शेजारच्या पाड्यावरच्या १२ तरुणांना रोजंदारीवर घ्यायचे, की ६० दिवस लागू द्यायचे, याचा निर्णय मी ३१ जानेवारीपर्यंत घेईन. ६० दिवस लागले तरी ३१ मेच्या आत चर पूर्ण होतो.’

अडचणीच्या ओळीत नाव आणि तारीख लागते : कोण सोडवणार आणि कधीपर्यंत. ती सोडवण्याची ताकद क्षेत्रावरच्या माणसांकडेच असते. समितीने ती वाचायची आणि पुढे जायचे. पुढच्या तिमाहीत तीच अडचण त्याच नावासह आणि नव्या तारखेसह आली, तर मात्र विचारायचे.

माझ्या मूळ ओळीत आणखी एक चूक होती, ती मला फार उशिरा दिसली. मी ‘स्थलांतरामुळे’ असे लिहिले होते. वाचणाऱ्याला वाटले असेल की लोक आपल्याच पाण्याच्या कामाला पाठ दाखवून निघून गेले. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाने पावसाळ्यातच मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला त्यांना जावेच लागते. दिवाळीनंतर पाडा निम्मा रिकामा होतो, हे आम्हाला ठाऊक होते. तरी खोदाई जानेवारीत ठेवली ती आम्हीच. अडचण आमच्या वेळापत्रकाची होती, नाव मात्र त्यांचे लागले. ‘लोकांमध्ये जागृतीचा अभाव’, ‘लोकसहभागाची समस्या’ ही वाक्ये आदिवासी भागातल्या अहवालांत वारंवार दिसतात. त्यातल्या बऱ्याच वाक्यांच्या मागे अशीच न विचारलेली कारणे असतात. ‘समस्या’ म्हटले की ती कोणाची हे सांगावे लागत नाही. ‘अडचण’ लिहून पुढे जबाबदार माणसाचे नाव लिहायचे ठरवले की तो प्रश्न टाळता येत नाही.

पीछेहाट : झालेले काम हातचे गेले

टाकीचा तळ डिसेंबरमध्ये ओतला होता. सिमेंटच्या कामावर पुढे बरेच दिवस पाणी मारत राहावे लागते, नाही तर ते लवकर सुकून त्याला तडे जातात. पाड्यावर पाणी डोक्यावरून आणावे लागत होते. एका लग्नाच्या आठवड्यात चार दिवस कोणीच पाणी मारले नाही. तडे गेले. काम बघणाऱ्या अभियंत्यांनी तळ फोडून पुन्हा ओतायला सांगितले.

हे निस्तरायचे काही उरले नव्हते. निर्णय झाला होता, नुकसान झाले होते. म्हणून ही अडचण नव्हे.

‘पीछेहाट : टाकीचा तळ फोडून पुन्हा ओतावा लागला. सिमेंटच्या १४ गोण्या आणि वाळू-खडी-मजुरी मिळून ३१ हजार रुपये जादा. पाच आठवडे मागे. टाकी पूर्ण होण्याची जुनी तारीख १५ फेब्रुवारी, नवी तारीख २२ मार्च. यापुढे पाणी मारण्यासाठी ठरावीक माणूस रोजंदारीवर ठेवला आहे.’

पीछेहाटीच्या ओळीत दोन आकडे हवेतच : किती वेळ गेला आणि किती पैसा गेला. आणि जुनी तारीख पुसायची नाही. मोह असा होतो की नवी तारीख गुपचूप टाकावी, म्हणजे प्रकल्प वेळेवर चालल्यासारखा दिसेल. असे दोन-तीनदा झाले की अहवाल कलिंगडासारखा होतो, वरून हिरवागार आणि कापल्यावर लाल. पीछेहाट वाचून समितीने एकच गोष्ट करायची : नवी तारीख आणि जादा पैसा मान्य आहे की नाही ते सांगायचे. मी मूळ ओळीत एकही आकडा दिला नव्हता. त्यामुळे ते ३१ हजार रुपये मार्चअखेरीस हिशेबात अचानक दिसले आणि खजिनदारांना वाईट वाटले. त्यांचे काही चुकले नव्हते.

पीछेहाट या शब्दाबद्दल आमच्यात थोडा वाद झाला होता. तो लढाईतला शब्द वाटतो, असे काहींचे म्हणणे. कोणाला तो जड वाटत असेल तर ‘काम मागे गेले’ एवढेच लिहावे. अर्थ तोच राहतो.

खोळंबा : किल्ली दुसऱ्याच्या हातात

आता चौथी ओळ. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, पिण्याचे पाणी आणि पाइपलाइन अशा सरकारने चालवायच्या सुविधांसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. प्रत्येक कामासाठी जमीन एक हेक्टरपेक्षा कमी हवी आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आमच्या ६०० मीटरच्या चराला एक मीटर रुंदी धरली तरी जमीन ६०० चौरस मीटर होते. एक हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर. ग्रामसभेचा ठराव झालेला होता. म्हणजे नकार येण्याचे कारण दिसत नव्हते. म्हणूनच मी निर्धास्त होते आणि ती ओळ सर्वात शेवटी लिहिली.

पण परवानगीशिवाय त्या ६०० मीटरमध्ये एक कुदळही मारता येत नव्हती. आणि ते ६०० मीटर झऱ्यापासूनचे पहिले होते. ते झाल्याशिवाय खालच्या १,२०० मीटरच्या पाइपमधून थेंबही येणार नव्हता.

‘खोळंबा : वनजमिनीतले ६०० मीटरचे काम पूर्ण थांबले आहे. प्रस्ताव नोव्हेंबरमध्ये दिला, पाहणी झालेली नाही, कारण कळलेले नाही. आम्ही दोनदा चौकशी केली, उत्तर मिळाले नाही. विनंती : समितीच्या अध्यक्षांनी सरपंचांसह ३१ जानेवारीपूर्वी कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावे. १५ मार्चपर्यंत परवानगी आली नाही तर या वर्षी पाणी पोहोचणार नाही.’

ही ओळ वाचून कोणी ‘नोंद घेतली’ असे लिहू शकले नसते. कारण तीत कोणाला काय करायचे आहे ते नावानिशी लिहिले आहे, आणि नाही केले तर काय होईल तेही. खोळंब्याची ओळ अहवालात सर्वात वर असावी, आणि तिमाही संपेपर्यंत थांबू नये. खोळंबा झाला त्याच आठवड्यात फोन करावा. अहवालात ती फक्त नोंद राहते.

शब्द निवडायचा कसा

आता आम्ही रकाना भरताना स्वतःला तीन प्रश्न याच क्रमाने विचारतो. हे घडले आहे का? नसेल तर तो धोका. घडले असेल तर, यामुळे काम पूर्ण थांबले आहे आणि ते सुरू करणे आमच्या हातात नाही, असे आहे का? असेल तर खोळंबा. तसे नसेल तर, गेलेले परत मिळवता येण्यासारखे आहे का? असेल तर अडचण, नसेल तर पीछेहाट.

एक गोष्ट एका रकान्यातून दुसऱ्यात जाते, हेही लक्षात ठेवावे लागते. मार्चमध्ये बादली १०५ सेकंदांत भरली असती, तर त्या दिवसापासून तो धोका राहिला नसता, अडचण झाली असती. म्हणून दर तिमाहीला जुने धोके एकेक करून पाहतो. घडून गेलेला धोका धोक्याच्याच रकान्यात पडून राहणे ही सर्वात जास्त दिसणारी चूक आहे.

दुसरी चूक उलट बाजूची. खोळंबा लिहिला की समिती हलते, हे कळल्यावर सगळ्यालाच खोळंबा म्हणण्याचा मोह होतो. मलाही झाला. एकदा पाइपच्या दुकानदाराने माल आठवडाभर उशिरा दिला, तोही मी खोळंबा म्हणून लिहिला. वास्तविक त्या आठवड्यात चर खणण्याचे काम होते आणि ते चालू होते. याची कसोटी सोपी आहे : उद्या सकाळी माणसे कामावर आली तर त्यांना करण्यासारखे काही आहे का? असेल तर तो खोळंबा नव्हे.

तिसरी चूक ‘आव्हान’ या शब्दाची. ‘परवानगी हे एक आव्हान आहे’ असे वाक्य वाचायला छान लागते आणि कोणालाही दुखवत नाही. पण आव्हान घडले आहे की घडणार आहे, काम चालू आहे की थांबले आहे, यातले काहीच ते सांगत नाही. ‘समस्या’ काढून ‘आव्हान’ लिहिले तर पिशवीचा रंग तेवढा बदलतो.

‘समस्या’ हा शब्द आम्ही टाकून दिलेला नाही. पाड्यावरच्या बायकांना उन्हाळ्यात पाण्यासाठी दोन-दोन तास घालवावे लागतात, ही समस्याच आहे. तिच्यासाठीच प्रकल्प आहे. प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिताना तो शब्द पहिल्या पानावर असतो. काम सुरू झाल्यावर, ते कुठवर आले हे सांगताना मात्र तो पुरत नाही.

पुढच्या अंकापासून आमच्या प्रकल्पांच्या बातम्यांत हे चार शब्द आपल्याला दिसतील. धोका वाचलात तर खूण कोणती दिली आहे ते पाहा. अडचण असेल तर नाव आणि तारीख, पीछेहाट असेल तर जुनी तारीख आणि रुपये, खोळंबा असेल तर विनंती कोणाला केली आहे ते पाहा. यातले काही नसेल तर ती ओळ आम्ही नीट लिहिलेली नाही, आणि आपण मला फोन करून तसे खुशाल विचारावे.